भोंगा छपरावर, मशीन गहाण

बचत करून माणूस कंगाल होऊ शकतो, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसेल. पण ते खरं आहे, कारण मी स्वतः करून पाहिलं आहे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वसमतला माझा भोंग्याचा धंदा होता. एक मशीन, दोन भोंगे, एक तबकड्या वाजवायचं यंत्र, एक माइक आणि मोटारीची एक जुनी बॅटरी, असा सगळा संसार. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. पण तो शब्द आमच्याकडे कोणी उच्चारत नसे. 'मशीन आलं का?' असं विचारलं की लग्नघरातल्या म्हातारीलाही कळायचं की गाणी आता सुरू होणार.

खेड्यात तेव्हा वीज कुठे होती, कुठे नव्हती. त्यामुळे बॅटरी सायकलच्या मागे बांधायची, मशीन पुढच्या दांडीवर, भोंगे दोन्ही बाजूंना लटकवायचे, आणि निघायचं. लांबून मी दिसलो की पोरं ओरडायची, 'हत्ती आला, हत्ती आला.' कानांमुळे.

या धंद्याची एक गंमत अशी की तो कधी असतो आणि कधी नसतोच. हळद शिजून, वाळून बाजारात गेली की शेतकऱ्याच्या हाती पैसा यायचा, मग लग्नं निघायची. फाल्गुनापासून जेठाच्या सुरुवातीपर्यंत माझी सायकल घरी दिसत नसे. एप्रिलमध्ये आमच्या वस्तीतली जयंती. तिथे मी भाडं घेत नसे, पण त्या दिवशी माझा भोंगा ऐकून दोनतीन लग्नं हमखास ठरायची, तेव्हा तोही काही निव्वळ धर्म नव्हता. मग पाऊस लागला की संपलं. आषाढ-श्रावणात भोंग्यात चिमण्या घरटं करायच्या. गणपतीत पुन्हा चार पैसे, पितृपक्षात ठणठण, नवरात्रात पुन्हा थोडे, तुळशीच्या लग्नानंतर बरे, पौषात परत ठणठण.

अशा माणसाने एका मास्तराचं ऐकून पैसे गुंतवायचे ठरवले.

मास्तर म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. शाळेत नोकरी. महिन्याच्या सुरुवातीला पगार. इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून तो बसतानासुद्धा विचार करून बसायचा. वैशाखात तो आमच्याकडे जेवायला आला. माझ्या खिशात तेव्हा नोटा खुळखुळत होत्या. नोटा खुळखुळत नाहीत हे मला माहीत आहे, पण वैशाखात मला तसं ऐकू येई.

"दाजी," तो म्हणाला, "हे पैसे पावसाळ्यात दिसत नाहीत. काहून?"

"खाऊन टाकतो आमी."

"तेच. मी बघा, पगार झाला की आधी पोस्ट, मंग घर. दर महिन्याला तेवढेच. एक महिना चुकवला न्हाई. पाच वर्षांनी रक्कम हातात. शिस्त पाहिजे, दाजी, शिस्त!"

शिस्त हा शब्द मला कोणी म्हटला की मला लगेच चेव चढतो. शाळेत असताना चढला नाही, म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेलो. दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, पाच वर्षं, असं ते खातं. पोस्टमास्तरांनी विचारलं, "किती लिहू?"

मी त्या महिन्याची कमाई मनात आठवली. पाच-सहा लग्नं, एक मुंज, एक बारसं. आणि म्हणालो, "पन्नास."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दर म्हैन्याला जमतंय का?"

"जमतंय म्हंजे? बघत राहा तुमी."

ते बघत राहिले. जेठात मी ऐटीत भरले. आषाढात घरातल्या ज्वारीच्या पैशातून भरले आणि बायकोला सांगितलं की ज्वारी पुढच्या आठवड्यात घेऊ, भाव उतरणार आहे. भाव उतरला नाही. श्रावण लागला, आणि माझ्याजवळ भरायला काहीच नव्हतं. होतं ते एक मशीन.

आता कुणीही शहाणा माणूस पोस्टमास्तरांना विचारील, की बुवा, एक हप्ता चुकला तर काय होतं? मी विचारलं नाही. मला चौकशीची भारी हौस. लग्नात नवरदेवाचे बूट कुठून आणले, हळदीला रंग कशाने चढतो, आंधळ्या माणसाला स्वप्नात काय दिसतं, हे सगळं मी विचारून बसलेलो. पण जिथे विचारायचं होतं तिथे मला लाज वाटली. मी ऐटीत 'बघत राहा' म्हणालो होतो ना. आणि मास्तराने एक महिना चुकवला नव्हता.

म्हणून मी मशीन पिशवीत घातलं आणि भांड्यांच्या दुकानातल्या शेटजींकडे नेलं. ते वस्तू गहाण ठेवून पैसे द्यायचे. व्याज शेकडा तीन रुपये महिना. पोस्ट मला वर्षभरात जेवढं व्याज देणार होतं, तेवढं शेटजी तीन महिन्यांतच काढून घेणार होते. हा हिशेब मला आज येतो. त्या दिवशी मी फक्त एवढंच पाहिलं की पोस्टाच्या पुस्तकात श्रावणाचा शिक्का पडला. शिवाय थोडे जास्तच उचलले होते, ज्वारी आणायला. मी शीळ वाजवत घरी आलो.

बायकोला सांगितलं, मशीन दुरुस्तीला नांदेडला दिलं आहे. आणि धंदा बंद दिसू नये म्हणून दोन्ही भोंगे छपरावर, तोंडं बसस्टँडकडे करून, बांधून ठेवले. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, काय दणक्यात चाललंय याचं.

असं वाटलं ते नेमकं नको त्या माणसाला.

कुरुंद्याच्या पलीकडच्या तांड्याचे नाईक बाजाराला आले होते. तांड्यावरची बहुतेक लग्नं माझ्याकडे असायची. वर्षातला निम्मा धंदा म्हटलं तरी चालेल. ते भोंग्याकडे पाहत दारात उभे राहिले.

"भोंगेवाले, मोकळे हाव का?"

"तुमच्यासाठी कवाबी मोकळाच, नाईक."

"तीज हाय आमची. शेवटच्या दिशी बाकीच्या तांड्यावरचे पाव्हणे येऊन राहिले. पोरींच्या गान्याला भोंगा पायजे म्हनतेत."

तीज म्हणजे तांड्यावरच्या लग्न न झालेल्या पोरींचा सण. टोपल्यांत गहू पेरायचे, रोज पाणी घालायचं, रोज त्याभोवती गाणी म्हणायची, आणि शेवटच्या दिवशी ते हिरवे अंकूर वाटून टोपल्या पाण्यात सोडायच्या. भर श्रावणात, मेलेल्या मोसमात, दारात चालून आलेलं काम! आणि मशीन शेटजींच्या पितळी घागरींच्या मागे.

नाईकांनी इसार दिला. मी घेतला. इथे 'नाही' म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, पण त्यातून निघालं, "सकाळीच हजर होतो."

इसाराचे पैसे घेऊन मी शेटजींकडे धावलो. म्हणालो, हे घ्या, उरलेले तीजेनंतर देतो, मशीन आज द्या.

शेटजी घागर पुसत होते. "मुद्दल पूर्ण, व्याज पूर्ण, मग मशीन."

"पण मशीन दिल्याबिगर मी कमावू कसा?"

"ते मशीन ठेवायच्या आधी इचारायचं असतं, भाऊ."

मग बसस्टँडकडच्या दुसऱ्या भोंगेवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, मशीन देतो, पण मशीनबरोबर मीपण येतो, आणि पुढच्या सालापासून तो तांडा माझा. मी म्हटलं, राहू दे.

यानंतर मी जे केलं, ते आठवलं की अजूनही मी एकटा असताना हसतो. मशीनची लाकडी पेटी घरीच होती. शेटजींनी नुसतं मशीन घेतलं होतं, पेटी नको म्हणाले होते. मी ठरवलं, रिकामी पेटी न्यायची, तिच्यावर नेहमीचा कपडा टाकायचा, तारा जोडायच्या, भोंगा बाभळीवर चढवायचा, आणि मग कपाळाला हात लावून म्हणायचं, 'अरेरे, वाटेत हादरे बसून मशीन गेलं की!' नाटक पक्कं. पण पेटी फारच हलकी लागत होती, सायकलवर उडायची. म्हणून बायकोने दिलेलं भाकरीचं गाठोडं, कांदा आणि पाण्याची बाटली तिच्यात ठेवली.

तांड्यावर पोहोचलो. भोंगा बाभळीवर चढवला. तारा ओढल्या. बॅटरी लावली. सगळा तांडा जमला. नाईकांची धाकटी लेक, पुढच्या फाल्गुनात जिचं लग्न ठरलं होतं ती, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी माइकवर टकटक केलं. काहीच नाही. पुन्हा टकटक. मग मी कपाळाला हात लावला.

"वाटेत हादरे..." एवढंच म्हणालो, तोवर त्या पोरीने कपडा उचलला होता.

"बापू," ती ओरडली, "ह्याच्यात तर भाकर हाय!"

आवाज भोंग्याशिवायच तांडाभर गेला.

नाईक आले. पेटीत वाकून पाहिलं. भाकर, कांदा, बाटली. मग माझ्याकडे पाहिलं.

"मशीन कुठं हाय?"

"गहाण हाय."

"काहून? लेकरू बिमार व्हतं?"

"न्हाई."

"घरात कोनी मेलं?"

"न्हाई, नाईक. पोस्टात भरायला पैसे कमी पडले."

नाईकांना वाटलं त्यांच्या ऐकण्यात काही गफलत झाली. "पोस्टाचं कर्ज व्हतं?"

"कर्ज न्हाई. बचत. आपलेच पैसे. दर म्हैन्याला भरायचे असतेत."

"म्हंजे आपले पैसे आपल्याच नावानं ठिवायला तू पोट भरायचं हत्यार गहाण टाकलं?"

असं सरळ वाक्यात कोणी मांडलं की फार वाईट दिसतं. मी मान हलवली. नाईकांनी दोन म्हाताऱ्यांना हाक मारली, "या इकडं, ऐका हे." मला पुन्हा सांगावं लागलं. मग पाहुण्यांसाठी आणखी एकदा. तिसऱ्या वेळेला मी हातवारेसुद्धा करून सांगत होतो, कारण लोक हसू लागले की मला थांबता येत नाही. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "आमच्या आज्यानं बैलावर मुलुखभर मीठ-धान्य वाहिलं. पन बैल इकून दावं घेनारा न्हाई पाह्यला."

मी इसार परत केला. नाईकांनी तो मोजला नाही, कनवटीला लावला.

"फागनात पोरीचं लगीन हाय," ते म्हणाले. आता हसत नव्हते. "तवर मशीन सोडव. फागनात जर पेटीतून भाकर निंघाली, तर नांदेडहून भोंगा आनीन. अन् मंग दरवर्षी तोच येईल."

माझ्यापुढे आता एवढंच उरलं होतं: फाल्गुनापर्यंत मशीन, नाहीतर निम्मा धंदा गेला.

पोरींनी मात्र वाट पाहिली नाही. त्यांनी टोपल्यांभोवती फेर धरला आणि नुसत्या गळ्यांनी गाणी म्हटली. मी आपली भाकर खात बाभळीखाली बसलो; हसत आलेल्या दोनतीन पोरींनीही तिचा तुकडा मोडून नेला. डोक्यावर माझा भोंगा टांगलेला, मुका.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगावं लागलं, कारण मशीन नांदेडला असताना पेटी कशाला नेली, हे तिने विचारलंच.   

"तुमी पोस्टात इचारलं का, हप्ता चुकला तर काय व्हतं?"

"दंड असतो."

"किती?"

मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन पोस्टात गेली. पोस्टमास्तरांनी दंडाचा आकडा सांगितला आणि मी खिडकीचा कठडा धरला. महिन्याचा दंड एका चहाच्या किमतीच्या आसपास होता. तेवढं वाचवायला मी शेटजींना महिन्याला पाच-सहा चहांचं व्याज देत होतो.

"हे तुमी आधी काहून सांगितलं न्हाई?" मी म्हणालो.

"तुमी आधी काहून इचारलं न्हाई?" पोस्टमास्तर म्हणाले. "'बघत राहा' म्हनाले. मी बघून राहिलो."

तेव्हा मात्र माझी खरी चौकशी सुरू झाली. मी तिथेच बाकावर बसलो आणि त्यांना विचारत सुटलो. बायको मध्येमध्ये सुधारून विचारायची. त्यांनी तिकिटं विकता विकता सगळं सांगितलं. हप्ते चुकवता येतात, पण फार चुकवले की खातं थांबतं. पैसे बुडत नाहीत, पण घाट्यात राहता. उलट मोसमात पैसे असतील तर पुढच्या महिन्यांचे हप्ते आधीच भरून ठेवता येतात. आणि ठरलेल्या हप्त्याचं खातं हा एकच रस्ता नाही. साधं बचत खातं आहे, त्यात पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढे टाका, लागले तर काढा, व्याज कमी. आणि सर्टिफिकिटं आहेत. जेव्हा जमेल तेव्हा, जमेल तेवढ्याची घ्या. व्याज चांगलं, पण सात वर्षं ते पैसे विसरायचे.

"आन् एखाद्या साली घेतली न्हाई तर?" मी विचारलं.

"तर न्हाई घेतली. त्याला कोन इचारतो?"

मला हे इतकं नवल वाटलं की पुढचा आठवडाभर मी भेटेल त्याला विचारत सुटलो: तुमचा पैसा कधी येतो, आणि नसतो तेव्हा काय करता? औंढ्याला नागनाथाच्या देवळाबाहेर प्रसाद विकणारा एक दुकानदार माझ्या ओळखीचा होता. त्याची कमाई श्रावणात आणि शिवरात्रीला. वैशाखात तो माशा मारायचा. म्हणजे माझा मोसम तो त्याचा दुष्काळ. मी त्याला म्हटलं, आपण दोघं एक झालो असतो तर एक सरकारी नोकर झाला असता. तो म्हणाला, व्हय, पण निवृत्तीला दोघं भांडलो असतो. त्याची रीत अशी की श्रावणातले पैसे डब्यात. डब्यातून काय घेतलं हे त्याला कधी कळायचं नाही, फक्त डबा हलका लागायचा. "आन् गुंतवत काहून न्हाई?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "गुंतवले अन् वैशाखात लागले तर?" त्याला भीती होती, मला ऐट होती. दोघांचेही पैसे वाढत नव्हते.

ही गोष्ट मी घरी सांगितली. बायको तांदूळ निवडत होती.

"तुमी दोघंबी एकाच पैशाला दोन कामं सांगता," ती म्हणाली. "आखाडातली ज्वारी अन् म्हातारपन, एकाच पैशातून. कसं जमंल?"

"मंग?"

"आधी ज्वारीचा पैसा येगळा. तो साध्या खात्यात. त्याला गुंतवणूक म्हनायचं न्हाई. तो भरला की मंग वरचा गुंतवायचा."

"मास्तराला पगार असतो गं. आपल्याला कुठं?"

"तुमालाबी पगार देता येतो की."

"कोन देणार?"

"मी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी सरकारी नोकर झालो. सरकार तांदूळ निवडायचं.

तिने ठरवलं ते असं. सगळ्यात वाईट महिन्यात घराला काय लागतं, भाडं, ज्वारी, तेल, बॅटरी चार्ज करायचे पैसे, तेवढाच आमचा महिन्याचा पगार. वैशाख असो की श्रावण. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून गणपतीपर्यंतचे दिवस काढता येतील एवढी शिल्लक, आणि वर भोंग्याचं एक युनिट घेता येईल एवढी. युनिट म्हणजे भोंग्याच्या मागचा गोळा, ज्यातून आवाज निघतो आणि जो नेमका लग्नातच जळतो. एवढी झाली की एक रेघ. रेघेच्या खाली असू तर गुंतवायचं नाही, कितीही वैशाख असला तरी. रेघेच्या वर गेलं तर वरचं सर्टिफिकिटात. कमी गेलं तर कमीचं, जास्त गेलं तर जास्तीचं.

मी विचारलं, "अन् रेघेवरून खाली आलो तर?"

"तर आधी रेघ भरायची. सर्टिफिकीट थांबंल. ते काय पळून जातंय?"

पण त्या आधी शेटजी. तिचं म्हणणं, तीन टक्क्याचं भोक बुजवल्याशिवाय हौदात पाणी टाकायचं नाही. भाद्रपदाचा हप्ता आम्ही सरळ चुकवला. आयुष्यात पहिल्यांदा दंडाला मी हसत सामोरा गेलो. दोन गणेश मंडळांचा इसार आला, तो आणि हप्त्याचे वाचलेले पैसे घेऊन शेटजींकडे गेलो. मुद्दल पूर्ण, व्याज पूर्ण. शेटजींनी मशीन घागरींमागून काढलं, फडक्याने पुसून दिलं, आणि म्हणाले, "पुन्हा या." मी त्यांच्या घागरीही आजवर घेतलेल्या नाहीत.

साधं खातं बायकोच्या नावाने उघडलं. हे तिचं सगळ्यात हुशारीचं काम होतं, आणि ते मला तुळशीच्या लग्नानंतर कळलं. मार्गशीर्षात मी चांगला कमावला. शिल्लक रेघेच्या जवळ आली होती, आणि मला पुन्हा चेव चढला.

"एवढे पैसे कमी व्याजात सडून राहिले," मी म्हणालो. "सगळ्यांची सर्टिफिकिटं घेऊ. फरक केवढा!"

"रेघ आली का?"

"येतेच आहे की. पुढच्या म्हैन्यात."

"पुढच्या म्हैन्यात पौष हाय."

"तू सही कर, बाकी मी बघतो."

"तुमी बघितलेलं मी बघितलं," ती म्हणाली आणि सही केली नाही. माझा राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी पौष लागला.

फाल्गुनात, नाईकांच्या लेकीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी, दुसऱ्या एका गावात भर वरातीत भोंग्यातून मांजर चेंगरल्यासारखा आवाज आला आणि मग काहीच आला नाही. युनिट जळालं. दुसरा भोंगा आधीच कुरकुरत होता. मला तांड्यावरची बाभूळ दिसली, आणि तिच्यावर मुका भोंगा.

घरी आलो. बायकोने काही विचारायच्या आधी मी म्हणालो, "युनिट."

तिने खात्याचं पुस्तक काढलं आणि सही केली. एवढंच. ना शेटजी, ना पितळी घागरी. मी पोस्टातून पैसे काढले, लालडब्यात बसून नांदेडला गेलो, युनिट आणलं. परतीच्या वाटेवर मला सारखं वाटत होतं की अजून काहीतरी व्हायचं राहिलं आहे. एवढ्या मोठ्या अडचणीत एवढी कमी धावपळ माझ्या स्वभावाला मानवत नव्हती.

लग्नाच्या दिवशी नाईकांनी आधी पेटीवरचा कपडा स्वतः उचलून पाहिला.

"भाकर न्हाई?"

"यावेळी पिशवीत हाय, नाईक."

"बरं. पन तपासून घ्यायला पायजे." आणि त्यांनी हाताने इशारा केला. मी सुई तबकडीवर टेकवली, आणि गाणं असं दणकून निघालं की बाभळीवरचे कावळे उठले. नवरी मांडवातून माझ्याकडे पाहून हसली. भाकर तिनेच शोधली होती.

त्या मोसमात जी कमाई झाली तिच्यातून आधी युनिटाचा खड्डा भरला. मग रेघ. मग चुकलेले हप्ते दंडासकट भरले आणि पुढच्या पावसाळ्याचे हप्ते आधीच भरून टाकले. वर उरलं त्याची मी दोन सर्टिफिकिटं घेतली. लहान होती, पण मी ती घडी न करता, पुठ्ठ्यात घालून, सायकलवरून पडणार नाहीत अशी घरी आणली. जणू नवरीच आणतोय.

मास्तर आला. त्याला ही रीत पटली नाही. "दाजी, याच्यात शिस्त कुठं आहे? कधी पन्नास, कधी काहीच न्हाई, कधी चार महिन्यांचे एकदम!"

"शिस्त रेघेत हाय," बायको आतून म्हणाली. "पगार तुला सरकार देतं. आमाला आभाळ देतं. आभाळाला पहिली तारीख नसते."

मास्तराने घडी सांभाळत चहा घेतला.

पुन्हा श्रावण आला. तीज आली. मी भोंगे पुसून, युनिटं तपासून, बॅटरी पूर्ण चार्ज करून वाट पाहत होतो. मेलेल्या मोसमातलं एकच काम, आणि यावेळी मशीन घरी. नाईक बाजाराला आले, दारात बसले, चहा प्यायले. इकडचं तिकडचं बोलले. इसाराचं नाव काढेनात.

शेवटी मीच म्हणालो, "नाईक, तीजेला कधी येऊ?"

ते जरा ओशाळले. "भोंगेवाले, एक गोष्ट हाय. पोरी म्हनतेत, मागच्या साली भोंगा न्हवता तेच बरं व्हतं. गानं एकमेकीला ऐकू येतं म्हनतेत. भोंगा असला की नुसता भोंगाच ऐकू येतो."

मागच्या वर्षी हे ऐकलं असतं तर मला चक्कर आली असती. अख्ख्या श्रावणातलं एकुलतं एक काम, आणि तेही माझ्या मूर्खपणानेच गेलं! मी त्यांना भोंगा नसलेली तीज दाखवली नसती, तर त्यांना ती आवडली कशाला असती? मी आतल्या खोलीकडे पाहिलं. बायको दारात उभी होती. तिने खांदे उडवले. श्रावणाचा पगार आधीच काढून ठेवलेला होता.

"मंग मी काय करू?" मी नाईकांना विचारलं.

"तू ये की. ऐकायला ये," नाईक म्हणाले. "भोंगा आनू नको. भाकर मातर आन. ती तुझ्या हातची चांगली लागते म्हनतेत पोरी."

"माझ्या हातची न्हाई, हिच्या हातची."

"मंग हिला बी आन."

आम्ही दोघं गेलो. सायकल हलकी होती, भोंगे नव्हते, म्हणून पोरांनी मला ओळखलं नाही. 'हत्ती आला' असं कोणी ओरडलं नाही. बायको मागे बसली होती, मांडीवर पेटी घेऊन. पेटी न्यायची कल्पना माझीच. तिच्यात भाकर होती, कांदा होता, आणि वर नेहमीचा कपडा टाकला होता, कारण नाईकांना तो उचलून पाहायचा असतो.